रोख आणि वायदा यांतला फरक कोण मिटवतो, आणि किती मिटवतो

प्रश्न : एका शेअरचा रोख बाजारातला भाव 1,000 रुपये आणि त्याच शेअरचा महिनाभराचा फ्युचर्स, म्हणजे वायदा, 1,009 रुपये दिसतो. इकडे घेऊन तिकडे विकलं की 9 रुपये पक्के, असं म्हणतात. मग सगळे हेच का करत नाहीत, आणि हा फरक शेवटी नाहीसा कसा होतो? डॉलर-रुपयाच्या बाबतीतही असंच असतं का?

उत्तर : त्या 9 रुपयांपैकी जवळजवळ पावणेसहा रुपये व्याजाचे आहेत. पैसे उभे करण्याचा खर्च वर्षाला 7 टक्के धरला, तर 1,000 रुपयांवर 30 दिवसांचे व्याज 5 रुपये 75 पैसे होते. जो माणूस आज शेअर विकत घेऊन महिनाभर सांभाळतो आणि महिन्यानंतर देण्याच्या बोलीवर आजच विकून टाकतो, त्याला तेवढे व्याज मिळालेच पाहिजे, नाहीतर त्याने ते पैसे बँकेत ठेवलेले बरे. म्हणून वायद्याचा रास्त भाव 1,005 रुपये 75 पैसे धरावा लागतो आणि खरा प्रश्न उरतो तो वरच्या सव्वातीन रुपयांचा. ते कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, हे एक सौदा शेवटपर्यंत नेऊन पाहिले की बरेचसे कोडे सुटते.

मी मुंबईत एकीकडे घेऊन त्याच वेळी दुसरीकडे विकण्याच्या, म्हणजे आर्बिट्राजच्या, टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा टेबलावर जसा हिशेब मांडतो तसाच येथे मांडतो. वायद्याचा लॉट, म्हणजे एका सौद्यातला शेअरचा ठरलेला संच, 600 चा आहे असे समजा. तुम्ही रोख बाजारात 600 शेअर 1,000 रुपयांनी घेतले, म्हणजे 6,00,000 रुपये गुंतले, आणि त्याच क्षणी एक लॉट 1,009 रुपयांनी विकला. मुदतीच्या दिवशी वायद्याचा अंतिम हिशेब रोख बाजारातल्या त्या दिवसाच्या बंद भावाने होतो, आणि ऑक्टोबर 2019 पासून शेअरच्या सगळ्या वायद्यांत प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. समजा त्या दिवशी शेअर 940 वर बंद झाला. शेअरमध्ये प्रत्येकी 60 रुपयांचा, म्हणजे 36,000 रुपयांचा तोटा झाला आणि वायद्यात प्रत्येकी 69 रुपयांचा, म्हणजे 41,400 रुपयांचा फायदा झाला. आता तो 1,100 वर बंद झाला असे समजा. शेअरमध्ये 60,000 मिळाले, वायद्यात प्रत्येकी 91 प्रमाणे 54,600 गेले. दोन्ही वेळा हातात 5,400 रुपये, म्हणजे तेच 600 गुणिले 9. भाव कुठे गेला याच्याशी आपल्याला काही देणेघेणे राहिले नाही, हे खरे आहे आणि ‘पक्के’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

आता खर्च. शेअरची डिलिव्हरी घेताना 0.1 टक्का आणि देताना पुन्हा 0.1 टक्का रोखे उलाढाल कर, म्हणजे एसटीटी, लागतो; हे मिळून साधारण 1,200 रुपये झाले. वायदा विकताना लागणारा एसटीटी 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.0125 वरून 0.02 टक्के झाला, त्या दराने 121 रुपये धरू. (हे दर अर्थसंकल्पात बदलतात, त्यामुळे सौद्याच्या दिवशी चालू असलेला दर घालूनच हिशेब करावा.) डिलिव्हरीच्या खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 90 रुपये, आणि एक्सचेंजचे शुल्क, दलाली व जीएसटी मिळून अगदी काटकसरीने 190 रुपये. एकूण 1,600 रुपये गेले आणि 3,800 उरले.

पैसे मात्र फक्त 6,00,000 लागले नाहीत. वायदा विकण्यासाठी मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, द्यावे लागते; ते 20 टक्के, म्हणजे सुमारे 1,20,000 रुपये धरू. विकत घेतलेले शेअर तारण ठेवून त्यातला काही भाग भागवता येतो, पण साधारण निम्मे मार्जिन रोख किंवा रोखीसारख्या स्वरूपात असावे लागते. म्हणजे आणखी 60,000 अडकले. आता 6,60,000 रुपयांवर 30 दिवसांत 3,800 रुपये मिळाले, तर वर्षाचा दर पडतो 7 टक्के.

म्हणजे जो पैसे 7 टक्क्यांनी उभे करतो, त्याच्यासाठी 9 रुपयांचा फरक हा नफाही नाही आणि तोटाही नाही. पडद्यावर दिसणारा फरक याच जागी येऊन थांबतो. तुम्ही विचारले आहे की सगळे हा सौदा का करत नाहीत; सगळ्यांनी करून झाल्यावर जो फरक उरतो, तोच तुम्हाला दिसत आहे.

तो तिथवर येतो कसा, हे जवळून पाहण्यासारखे आहे. वायद्यात खरेदी करणाऱ्याला पूर्ण पैसे लागत नाहीत, मार्जिनवर भागते. म्हणून एखाद्या शेअरमध्ये तेजीची हवा आली की उत्साही लोक आधी वायदा घेतात आणि तो रोख भावाच्या मानाने वर पळतो. समजा फरक 9 वरून 12 झाला. त्या क्षणी अनेक टेबलांवरचे संगणक एकच काम करतात : रोख बाजारात 1,000 ला, मग 1,000.30 ला, मग 1,000.50 ला जे शेअर विक्रीला लागलेले असतात ते उचलतात आणि वायद्यात 1,012, 1,011.60, 1,011 असे जे खरेदीदार उभे असतात त्यांना विकत सुटतात. प्रत्येक उचलीने रोख भाव किंचित वर सरकतो आणि प्रत्येक विक्रीने वायदा खाली येतो. ज्या बाजूला लागलेल्या बोलींचे पुस्तक पातळ असते, ती बाजू जास्त हलते. फरक 9 च्या आसपास आला की बहुतेक टेबले थांबतात, कारण त्याखाली त्यांना परवडत नाही. ही सगळी घाई संपते तेव्हा तेजीवाल्याच्या वायद्यासमोर आर्बिट्राजवाल्याचे खरे शेअर उभे असतात. दुसऱ्या शब्दांत, आर्बिट्राजवाल्याने तेजीवाल्याला शेअर तारण घेऊन महिनाभराचे कर्ज दिले, आणि वायद्यातला फरक हे त्या कर्जाचे व्याज आहे. आमच्याआधीच्या पिढीने हेच काम बदल्याच्या, म्हणजे व्याज देऊन सौदा पुढे ढकलण्याच्या, पद्धतीत केले होते. 2 जुलै 2001 पासून बदला बंद झाला, पण कर्ज मागणारा आणि देणारा दोघेही वायद्यात आले.

सगळी टेबले मात्र 9 वर थांबत नाहीत. ज्याच्याकडे मागच्या महिन्यापासून शेअर आहेत आणि समोर विकलेला वायदा आहे, तो मुदत संपताना शेअर न देता चालू महिन्याचा वायदा परत घेतो आणि पुढच्या महिन्याचा विकतो. याला रोलओव्हर म्हणतात. त्याचे शेअर जागचे हलत नाहीत, म्हणून डिलिव्हरीवरचे दोन्ही 0.1 टक्के वाचतात. त्याला पुढच्या महिन्यात 7 रुपयांचा फरक मिळाला तरी 4,200 पैकी खर्च वजा जाता सुमारे 4,000 उरतात, म्हणजे 6,60,000 वर वर्षाला 7.4 टक्के. नव्याने येणाऱ्याला 9 रुपयांत जे मिळते त्यापेक्षा जुन्याला 7 रुपयांत जास्त मिळते. म्युच्युअल फंडांच्या आर्बिट्राज योजनांचे बरेचसे काम असेच चालते. त्यामुळे प्रत्यक्षात फरक बहुधा 7 च्या जवळ राहतो, आणि घरून एक लॉट करणाऱ्याला तो कधीच परवडत नाही, हे आकडे न मांडता कळत नाही.

मुदत जवळ येईल तसा हा फरक आपोआप झिजतो, कारण व्याजाचे दिवस कमी होतात. रोजचे सुमारे 19 पैसे गळतात : 20 दिवस उरले की रास्त फरक 3 रुपये 84 पैसे, 10 दिवस उरले की 1 रुपया 92 पैसे. शेवटच्या दिवशी राहिलेला एखाद-दीड रुपया मिटवण्याचे काम आमच्यासारखे लोक करत नाहीत, कारण दोन रुपयांचा तर एसटीटीच होतो. ते काम करारातली अट करते. बंद भावानेच हिशेब होणार हे ठरलेले असल्यामुळे आधी केव्हाही फरक अवास्तव वाढला तर कोणीतरी तो पकडतो. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांतल्या एकाच शेअरच्या भावातला फरक वेगळ्या प्रकारचा असतो. तिथे मुदतीचा दिवस नाही आणि व्याजही नाही, असतो तो फक्त काही पैशांचा, आणि तो जलद यंत्रे खाऊन टाकतात. त्यावर अधिक लिहीत नाही.

उलट बाजू मात्र लंगडी आहे. वायदा रोख भावाच्या खाली गेला, तर शेअर विकून वायदा घ्यायला हवा. पण ज्याच्याजवळ शेअर नाही त्याला आपल्याकडे रोख बाजारात उधारीची विक्री त्याच दिवशी मिटवावी लागते. शेअर उसने घेण्याची सोय 2008 पासून आहे, परंतु तिथे हवा तो शेअर हव्या त्या दिवशी मिळेलच असे नाही. म्हणून खालच्या बाजूचा फरक तेच लोक मिटवू शकतात ज्यांच्या कपाटात शेअर आधीच आहेत, आणि ते सगळेच हलवायला तयार नसतात. परिणामी वरचा फरक काही मिनिटांत आवळला जातो, तर खालचा कधी कधी दिवसेंदिवस लोंबकळत राहतो. त्यातही आधी लाभांश पाहावा. मुदतीच्या आत 12 रुपयांचा लाभांश सुटणार असेल, तर शेअर सांभाळणाऱ्याला ते 12 मिळणार आहेत आणि वायदावाल्याला नाहीत. म्हणून रास्त वायदा 1,005.75 मधून 12 वजा करून 993.75 होतो. पडद्यावर 994 दिसले की ‘वायदा सहा रुपयांनी स्वस्त’ असे वाटते, पण तो स्वस्त मुळीच नसतो.

आता बिघडते कुठे ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव पाहून फरक काढू नये. तुम्हाला शेअर विक्रेत्याच्या भावाने घ्यायचा आहे आणि वायदा खरेदीदाराच्या भावाने द्यायचा आहे. या दोन भावांतला फरक पडद्यावरच्या 9 पेक्षा रुपया-दीड रुपयाने कमी भरतो. दुसरे, सौद्याचा एक पाय, म्हणजे एक बाजू, टाकला आणि दुसरा अडकला तर तो आर्बिट्राज राहत नाही, तो सट्टा होतो. अशा वेळी भाव परत येण्याची वाट न पाहता मिळेल त्या भावाने दुसरा पाय टाकावा किंवा पहिला काढून घ्यावा.

पण सगळ्यात महागात पडते ती रोजच्या हिशेबाची रोकड. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दलाली कंपनीत माझ्याकडे असाच एक सौदा होता : 40 लॉट, म्हणजे 24,000 शेअर, फरक 9 रुपये. दोन दिवसांत शेअर शंभर रुपयांनी चढला. वायद्यातला तोटा रोजच्या रोज रोखीने भरावा लागतो, म्हणजे 24 लाख रुपये द्यायचे होते. तेवढाच फायदा शेअरमध्ये झालेला होता, पण तो कागदावर. आणि तारण ठेवलेल्या शेअरने मार्जिन भागते, रोजचा तोटा भागत नाही. कंपनीने मोकळी रोकड दुसरीकडे अडकवली होती. निम्मा सौदा त्याच दुपारी सोडवण्याचा आदेश आला. तेजी जोरात असताना फरक नेमका वाढतो. त्या वेळी तो 15 होता. 9 ला विकलेला फरक 15 ला परत घेतला, 12,000 शेअरवर प्रत्येकी 6 रुपये, म्हणजे 72,000 रुपये गेले. उरलेला निम्मा सौदा मुदतीपर्यंत ठेवला, तो ठरल्याप्रमाणे 9 रुपये देऊन गेला. एकाच सौद्याच्या दोन अर्ध्या भागांत एवढाच फरक होता की एकाला रोकड पुरली आणि दुसऱ्याला पुरली नाही. तेव्हापासून मी गुंतवलेल्या रकमेच्या 15 टक्क्यांएवढी रोकड बाजूला असल्याशिवाय सौदा धरत नाही, आणि ती रोकड हिशेबात धरली की मिळकतीचा दर आणखी खाली येतो.

डॉलर-रुपयाकडे वळलो की यंत्र तेच राहते, एवढेच की सांभाळलेली वस्तू स्वतःही व्याज देते, जसा शेअर लाभांश देतो. समजा डॉलर आज 85 रुपये आहे, रुपयावर वर्षाचे व्याज 6.5 टक्के आणि डॉलरवर 4.5 टक्के. वर्षानंतरच्या डॉलरचा रास्त भाव 85 गुणिले 1.065 भागिले 1.045, म्हणजे 86 रुपये 63 पैसे. बँकेच्या फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, तो 87 रुपये 20 पैसे मिळत असेल, तर साडेआठ कोटी रुपये उसने घेऊन 10 लाख डॉलर आजच घ्यावेत आणि ते 4.5 टक्क्यांनी ठेवावेत. वर्षाने 10,45,000 डॉलर होतील. ते आजच 87.20 ने पुढच्या वर्षासाठी विकून ठेवले की 9 कोटी 11 लाख 24 हजार रुपये नक्की झाले. कर्ज व्याजासह 9 कोटी 5 लाख 25 हजार. मध्ये 5 लाख 99 हजार. हे करणाऱ्यांच्या खरेदीने आजचा डॉलर चढतो, विक्रीने फॉरवर्ड उतरतो, आणि भाव 86.63 च्या दिशेने येतो. फॉरवर्ड महाग आहे याचा अर्थ रुपया घसरणार आहे असा अनेक जण काढतात. तो अर्थ त्या भावात नाही, दोन देशांच्या व्याजदरांतला फरक त्यात आहे.

मात्र रुपया पूर्ण परिवर्तनीय नसल्यामुळे हा सौदा वाटेल त्याला करता येत नाही, आणि फरक मिटवणारे हात कोणाचे यावर तो किती मिटतो हे ठरते. सिंगापूर, लंडन, दुबई येथे रुपयाचा एक परदेशी बाजार चालतो. त्याला एनडीएफ म्हणतात. तिथे रुपया हलत नाही, मुदतीच्या दिवशी एफबीआयएल ही संस्था जाहीर करते त्या संदर्भ दराशी तुलना करून फरक डॉलरमध्ये चुकता होतो. एकाच महिन्याचा डॉलर मुंबईत 85.10 आणि तिथे 85.30 असेल, तर मुंबईत घेऊन तिथे विकणाऱ्याला 20 पैसे सुटतात. एक कोटी डॉलरवर ते 20 लाख रुपये होतात. परंतु भारतीय बँकांना त्या बाजारात उतरण्याची मुभा 1 जून 2020 पासून मिळाली, तीही आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रात शाखा असणाऱ्यांना. त्याआधी दोन बाजारांना जोडणारा पूल अरुंद होता, म्हणून ऑगस्ट 2013 सारख्या काळात, जेव्हा रुपया 68 च्या पलीकडे गेला, मुंबई आणि बाहेरचा भाव यांत मोठे अंतर पडत असे. मुभा मिळाल्यानंतर मोठ्या बँका दोन्हीकडे एकाच वेळी उभ्या राहू लागल्या आणि अंतर आवळले.

एक्सचेंजवरच्या चलन वायद्यांत याच्या उलट घडले. ऑगस्ट 2008 मध्ये सुरू झालेल्या या बाजारात, 1,000 डॉलरच्या छोट्या लॉटमुळे, बँकांच्या बाजाराशी आर्बिट्राज करणारे पुष्कळ होते. रिझर्व्ह बँकेच्या 5 जानेवारी 2024 च्या परिपत्रकाने हे स्पष्ट झाले की ज्याला खरोखर परकीय चलनाची देणी किंवा येणी आहेत त्यानेच तिथे सौदा करावा; अंमलबजावणी 3 मे 2024 पर्यंत पुढे ढकलली गेली. देणी-येणी नसलेले आर्बिट्राजवाले निघून गेले आणि उलाढाल कोसळली. भाव मिटवण्याची अट करारात अजूनही आहे, मुदतीला हिशेब संदर्भ दरानेच होतो; पण मधल्या दिवसांत फरक पकडणारे उरले नाहीत की पुस्तक विरळ होते, आणि आयातदाराला वायदा घेताना खरेदी-विक्रीच्या भावांतली दरी जास्त भरावी लागते.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : तत्त्व तेच आहे, पण डॉलर-रुपयातला सौदा नोकरदार माणसाच्या आवाक्यात नाही आणि परकीय चलनाच्या फेमा कायद्यानुसार त्याला एनडीएफमध्ये उतरताही येत नाही. ‘चलनातला आर्बिट्राज, महिन्याला ठराविक टक्के’ असे सांगून ॲपवर पैसे मागणारा कोणी भेटला, तर रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून अनधिकृत मंचांची जी इशारा यादी प्रसिद्ध करते ती पाहावी, आणि यादीत नाव नसले तरी त्याला एवढेच विचारावे की तो डॉलर कोणत्या अधिकृत बँकेतून घेतो आणि दुसरा पाय कुठे टाकतो.